मातीतल्या जिवंत कर्बाचा हिशोब

मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टींची नोंद असते. त्यात सेंद्रिय कर्बाचा एक आकडा असतो, समजा ०.७५ टक्के. हा आकडा मातीतला सगळा सेंद्रिय कर्ब एकत्र मोजतो. त्यात कुजून गेलेली धसकटे असतात, जुने शेणखत असते, मातीच्या कणांना वर्षानुवर्षे चिकटून राहिलेला काळा ह्यूमस असतो आणि आज जिवंत असलेले जिवाणू व बुरशीही असतात. जिवंत वाटा फार लहान असतो, बहुधा शंभरातला एक ते पाच. पण काडीकचरा कुजवून त्यातले नत्र आणि स्फुरद पिकाला मोकळे करून देण्याचे काम तोच करतो. पत्रिकेवरून या वाट्याचा काहीच अंदाज येत नाही.

हा वाटा वेगळा मोजण्याची जगभरात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात तयार झाली. व्हान्स, ब्रूक्स आणि जेनकिन्सन यांनी ती १९८७ मध्ये मांडली. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, मेलेल्या सूक्ष्मजीवांतून बाहेर पडलेला कर्ब मिठाच्या द्रावणात काढून घ्यायचा आणि तो मोजायचा. तिचे इंग्रजी नाव फ्युमिगेशन एक्स्ट्रॅक्शन असे आहे. कृती साधी वाटते, पण तिच्या शेवटी जो आकडा हाती येतो तो थेट मोजलेला नसतो. दोन मापांची वजाबाकी करून तिला एका गृहीत गुणांकाने भागले की तो तयार होतो. हे ध्यानात ठेवले तरच त्याचा अर्थ नीट लावता येतो.

धुरीमागची कल्पना

धुरी दिलेल्या मातीत पीक जोमाने वाढते, हे निरीक्षण जुने आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या द्राक्षवेलींच्या मुळांवर फायलोक्झेरा ही कीड पडली, तेव्हा तिच्यावर कार्बन डायसल्फाइड वापरले गेले आणि त्या जमिनीत वेली जास्त तरारलेल्या दिसल्या. १९०९ मध्ये रॉथॅमस्टेडच्या रसेल आणि हचिन्सन यांनी याचे एक कारण सुचवले. जिवाणूंना खाणारे प्रोटोझोआ धुरीने मरतात, म्हणून जिवाणू वाढतात आणि मातीची सुपीकताही वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे जेनकिन्सन यांनी खरा उगम दाखवला. धुरीनंतर मातीतून जो जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघतो, तो मुख्यतः धुरीने मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या शरीरातून येतो. म्हणजे हा जास्तीचा कर्ब मोजला, तर किती जीव मेले याचा अंदाज येतो. जेनकिन्सन आणि पॉवलसन यांनी १९७६ मध्ये त्यावरून एक पद्धत बसवली. धुरी दिलेली माती दहा दिवस उबवायची आणि निघालेला वायू मोजायचा. पण आम्लधर्मी मातीत ही पद्धत चुकीचे आकडे देई. १९८७ च्या पद्धतीत उबवण्याची पायरीच गाळली आणि मेलेल्या पेशींतला कर्ब थेट द्रावणात काढून घेतला.

क्लोरोफॉर्म पेशीचे आवरण फोडतो. पेशीतली विकरे मात्र लगेच थांबत नाहीत. चोवीस तासांच्या धुरीत ती पेशीतल्या मोठ्या रेणूंचे तुकडे करत राहतात आणि ते तुकडे पाण्यात विरघळू लागतात. मातीतला मेलेला, घट्ट बांधलेला ह्यूमस क्लोरोफॉर्ममुळे फारसा सुटत नाही, या गृहीतावर सगळी पद्धत उभी आहे.

माती आणण्यापासून गाळण्यापर्यंत

विदर्भातली कपाशीची काळी जमीन उदाहरणादाखल घेऊ. नमुना वाफशावर घ्यावा. चिखल असेल तर माती चाळणीतून जात नाही आणि ती वाळू दिली तर मोठी चूक होते. वाळताना सूक्ष्मजीव मरतात, धुरीआधीच त्यांच्यातला कर्ब बाहेर येतो आणि मग धुरीला मारायला कमी उरतात. वाफशावरची ढेकळे हाताने फोडून, मुळ्या आणि धसकटे वेचून, माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. मुळ्या वेचण्याचे काम कंटाळवाणे असते, पण ते टाळता येत नाही. जिवंत मुळीच्या पेशीही क्लोरोफॉर्मने फुटतात आणि त्यांचा कर्ब सूक्ष्मजीवांच्या खात्यात जमा होतो.

चाळल्याने माती ढवळली जाते. म्हणून ती जलधारण क्षमतेच्या चाळीस ते पन्नास टक्के ओलीवर आणून, पंचवीस अंशांवर सात ते दहा दिवस झाकून ठेवतात. या काळात उरलेल्या बारीक मुळ्या कुजतात आणि सूक्ष्मजीवांची ढवळाढवळ निवते.

मग त्याच मातीचे दोन सारखे वाटे करतात. प्रत्येकी पंचवीस ग्रॅम, पण हे वजन भट्टीत कोरड्या केलेल्या मातीचे धरायचे. त्यासाठी थोडी माती वेगळी घेऊन १०५ अंशांवर वाळवतात आणि ओल मोजतात. ओल कोरड्या वजनाच्या तीस टक्के असेल, तर पंचवीस ग्रॅम कोरड्या मातीसाठी साडेबत्तीस ग्रॅम ओली माती तोलावी लागते आणि तिच्यात साडेसात मिलिलिटर पाणी असते. हे साडेसात मिलिलिटर पुढे हिशोबात परत येणार आहे.

पहिल्या वाट्यात लगेच १०० मिलिलिटर ०.५ मोलर पोटॅशियम सल्फेट घालून शेकरवर अर्धा तास हलवतात आणि व्हॉटमन ४२ क्रमांकाच्या कागदातून गाळतात. हे तीव्र द्रावण चिकणमातीचे कण एकत्र गोळा करते, त्यामुळे काळ्या मातीतूनही स्वच्छ गाळीव मिळते. दुसरा वाटा बीकरमध्ये घालून व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवतात. डेसिकेटरच्या आतून ओला कागद लावलेला असतो, एका बीकरमध्ये सोडा लाइम असतो आणि दुसऱ्यात क्लोरोफॉर्म असतो. क्लोरोफॉर्म उसळू नये म्हणून त्यात काही खडे टाकतात. पंपाने हवा ओढली की क्लोरोफॉर्म उकळू लागतो. तो दोन मिनिटे जोरात उकळू देऊन झडप बंद करतात आणि डेसिकेटर चोवीस तास अंधारात पंचवीस अंशांवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी क्लोरोफॉर्म काढून घेतात आणि आतली वाफ संपावी म्हणून सहा ते आठ वेळा पुन्हा पुन्हा हवा ओढतात. मग या वाट्यालाही तेच द्रावण, तेवढाच वेळ आणि तोच कागद.

हे सगळे काम धुरांड्याच्या कपाटातच करायचे. क्लोरोफॉर्म विषारी आहे आणि उजेडात व हवेत जुना होत गेला की त्यात फॉस्जीन हा अत्यंत घातक वायू तयार होऊ शकतो. निर्वात काच फुटून तुकडे उडू शकतात, म्हणून डेसिकेटरभोवती जाळी हवी.

ब्युरेटवरचा हिशोब

गाळिवातला कर्ब यंत्रानेही मोजता येतो, पण बऱ्याच प्रयोगशाळांत आजही तो डायक्रोमेटने मोजतात. आठ मिलिलिटर गाळिवात दोन मिलिलिटर डायक्रोमेट आणि गंधकाम्ल व फॉस्फोरिक आम्ल यांचे पंधरा मिलिलिटर मिश्रण घालून अर्धा तास उकळतात. कर्बाचे ऑक्सिडीकरण होते, त्यात काही डायक्रोमेट खर्च होते. उरलेले किती, हे फेरस अमोनियम सल्फेटच्या टायट्रेशनने कळते. रंग निळसर हिरव्यावरून तांबडा झाला की थांबायचे. या पद्धतीतल्या नेहमीच्या द्रावणांची तीव्रता अशी असते की ब्युरेटमधला एक मिलिलिटर फरक म्हणजे साधारण १०० मायक्रोग्रॅम कर्ब.

आता आकडे घालून पाहू. ते समजण्यासाठी घेतले आहेत. मातीविना, फक्त द्रावण उकळलेल्या कोऱ्या परीक्षानळीला २३.२ मिलिलिटर लागले. धुरी न दिलेल्या मातीच्या गाळिवाला २२.४ आणि धुरी दिलेल्या मातीच्या गाळिवाला २०.२ लागले. म्हणजे धुरी न दिलेल्या वाट्यात ०.८ मिलिलिटर फरक, आठ मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम, मिलिलिटरमागे १०. धुरीच्या वाट्यात ३.० मिलिलिटर फरक, म्हणजे आठ मिलिलिटरमध्ये ३०० आणि मिलिलिटरमागे ३७.५ मायक्रोग्रॅम.

एकूण द्रावण किती? ओतले १०० मिलिलिटर, पण मातीत साडेसात मिलिलिटर पाणी आधीच होते. म्हणून १०७.५ मिलिलिटर आणि माती पंचवीस ग्रॅम. यावरून धुरीविना ग्रॅममागे ४३ मायक्रोग्रॅम कर्ब निघाला आणि धुरीनंतर १६१. फरक ११८. भरलेल्या गोणीच्या वजनातून बारदानाचे वजन वजा करावे, तसा धुरीविना निघालेला कर्ब आपण वजा करतो, कारण तो सूक्ष्मजीवांचा नाही, मातीत आधीच विरघळलेला आहे. मातीतले ते पाणी विसरून शंभरानेच हिशोब केला असता, तर फरक ११० आला असता. एवढ्या एका विसराळूपणाने उत्तर सात टक्के घटते आणि ओल जास्त असेल तर त्याहूनही अधिक.

पण ११८ हा सूक्ष्मजीवांचा सगळा कर्ब नाही. पेशीभित्तीसारखे कडक भाग द्रावणात येत नाहीत. म्हणून या फरकाला एका गुणांकाने भागतात. रॉथॅमस्टेडच्या मूळ कामात डायक्रोमेट पद्धतीसाठी तो ०.३८ होता. त्याने भागले तर उत्तर ३११ मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅम येते. यंत्राने मोजणाऱ्यांनी पुढे ०.४५ हा गुणांक स्वीकारला. त्याने भागले तर तेच ११८ चे २६३ होतात. माती तीच आणि ब्युरेट तेच, तरीही उत्तरात सुमारे अठरा टक्क्यांची तफावत पडली. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवण्याआधी गुणांक तपासला नाही, तर ही तफावत शेताच्या नावावर जमा होते.

आकडा कुठे घसरतो

आपल्या उदाहरणात ब्युरेटवरची ०.१ मिलिलिटर चूक अंतिम उत्तरात सुमारे १४ मायक्रोग्रॅम होऊन बाहेर पडते. म्हणजे ३११ आणि ३२५ यांत फरक आहे असे एकाच टायट्रेशनवरून म्हणता येत नाही. म्हणूनच दोन्ही वाट्यांचे किमान तीन तीन नमुने लावतात आणि त्यांच्यातली तफावत उत्तरासोबत देतात.

सर्वांत फसवी चूक क्लोरोफॉर्मच्या बाटलीतच असते. क्लोरोफॉर्म टिकावा म्हणून त्यात बहुधा इथेनॉल मिसळलेले असते. ते मातीत शिरते, द्रावणात येते आणि डायक्रोमेट त्यालाही कर्ब समजून मोजते. फक्त धुरीचाच वाटा फुगतो, वजाबाकी वाढते आणि सूक्ष्मजीव भरपूर असल्यासारखे दिसते. त्यासाठी इथेनॉल काढलेला क्लोरोफॉर्म वापरायचा. शंका असेल तर खात्री करणे सोपे आहे. मातीविना रिकामा बीकरही त्याच धुरीत ठेवायचा, त्यात पोटॅशियम सल्फेट घालून त्याच पद्धतीने मोजायचे. हे माप धुरी न दिलेल्या रिकाम्या बीकरइतकेच यायला हवे. ते वेगळे आले तर क्लोरोफॉर्म दोषी आहे किंवा हवा पुरेशा वेळा ओढली गेली नाही.

वाळलेला नमुना आला असेल, तर त्याची खूणही आकड्यांतच दिसते. धुरी न दिलेला आकडा चढलेला असतो आणि फरक लहान असतो. शेजारच्या शेताचा धुरीविना आकडा ४० च्या आसपास असताना एखाद्या नमुन्याचा ११० आला, तर सूक्ष्मजीव कमी आहेत असे म्हणण्याआधी तो नमुना कुठे आणि कसा ठेवला होता, हे विचारावे.

काळ्या मातीच्या आणखी दोन अडचणी आहेत. चुनखडीमुळे द्रावणात कार्बोनेट येते. आम्लात उकळताना ते वायू होऊन निघून जाते, त्यामुळे डायक्रोमेटला त्याचा त्रास नाही. यंत्राने मोजताना मात्र आधी आम्ल घालून ते काढून टाकावे लागते. दुसरी अडचण क्षारांची. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यासारख्या जमिनीत क्लोराइड असेल, तर तेही डायक्रोमेट खाते. दोन्ही वाट्यांत ते सारखे असल्याने वजाबाकीत निघून जायला हवे, पण मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा केला की छोटी चूकही ठळक होते. म्हणून मूळ पद्धतीत क्लोराइड बांधून ठेवायला पाऱ्याचे ऑक्साइड घालतात. ते विषारी असल्याने त्याचा कचरा वेगळा ठेवावा लागतो, आणि अनेक प्रयोगशाळा यंत्राकडे वळण्याचे हेही एक कारण आहे.

कोकणातल्या पाणी साचलेल्या भातखाचरात क्लोरोफॉर्मची वाफ मातीच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. तिथे मातीत द्रव क्लोरोफॉर्म थेट मिसळण्याची सुधारित कृती वापरतात. अशा आकड्यांची तुलना कोरडवाहू शेताच्या आकड्यांशी सरळसरळ करू नये.

आकडा वाचायचा कसा

३११ हा चांगला आकडा की वाईट? एकटा आकडा पाहून हे सांगता येत नाही. चिकणमातीत तो वालुकामय मातीपेक्षा स्वाभाविकपणेच जास्त येतो. ताजे शेणखत टाकल्यावर काही आठवडे तो उसळतो. पहिल्या पावसानंतर आणि कडक उन्हाळ्यात त्याच शेतात तो वेगवेगळा असतो. त्यामुळे सगळ्या जमिनींना लागू पडेल अशी इष्ट पातळी कोणी ठरवू शकत नाही. दोन शेतांची तुलना करायची, तर नमुने एकाच दिवशी, एकाच खोलीतून, एकाच वाफशावर घेतलेले असावेत आणि दोन्ही एकाच प्रयोगशाळेत एकाच गुणांकाने मोजलेले असावेत.

दुसरे, तो सेंद्रिय कर्बाच्या जोडीने वाचावा. ०.७५ टक्के सेंद्रिय कर्ब म्हणजे ग्रॅममागे ७५०० मायक्रोग्रॅम. त्यातले ३११ म्हणजे ४.१ टक्के. या गुणोत्तरात मातीचा पोत आणि एकूण कर्ब यांचा प्रभाव काहीसा निघून जातो. पण गुणांक ०.४५ धरला तर हेच गुणोत्तर ३.५ टक्के होते, म्हणून गुणोत्तरासोबतही गुणांक लिहिलेला हवा.

आता बांधाच्या दोन बाजूंची शेते पाहू, याच नमुनेदार आकड्यांत. एका बाजूला गेली काही वर्षे शेणखत आणि पऱ्हाटीचा चुरा जमिनीत गेला, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी जाळली. सेंद्रिय कर्ब पहिल्यात ०.७५ आणि दुसऱ्यात ०.७०. हा फरक सात टक्क्यांचा आहे आणि नमुने घेण्यातल्या व मोजण्यातल्या चुकीत तो सहज बुडून जाऊ शकतो. सूक्ष्मजीवांचा कर्ब पहिल्या शेताच्या तीन नमुन्यांत २९०, ३११ आणि ३३५ आला, दुसऱ्यात २२५, २४५ आणि २६२. सरासरी ३१२ आणि २४४. पहिल्याचा सर्वांत कमी आकडाही दुसऱ्याच्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा जास्त आहे आणि फरक सुमारे अठ्ठावीस टक्के आहे. एकूण कर्बात जे अजून स्पष्ट दिसत नाही, ते इथे दिसते.

हे केवळ गणितात घडते असे नाही. डेन्मार्कमधल्या दोन जमिनींवर अठरा वर्षे बार्लीचा पेंढा कुठे जाळला, तर कुठे मातीत गाडला गेला. पॉवलसन, ब्रूक्स आणि ख्रिस्तेनसेन यांनी १९८७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेंढा गाडलेल्या जमिनीत एकूण सेंद्रिय कर्ब सुमारे पाच टक्केच वाढला होता. सूक्ष्मजीवांचा कर्ब मात्र ३७ ते ४५ टक्क्यांनी वाढला होता. एकूण कर्बाचा साठा प्रचंड आणि मंद असतो, जिवंत वाटा लहान आणि चपळ. त्यामुळे बदलाची दिशा जिवंत वाट्यात आधी उमटते.

याच्या उलट प्रकारही घडतो. इंग्लंडमधल्या वोबर्न इथल्या प्रयोगात सांडपाण्याच्या गाळासोबत जड धातू मातीत गेले होते. ब्रूक्स आणि मॅक्ग्रा यांनी १९८४ मध्ये दाखवले की धातूंचा भार जास्त असलेल्या मातीत सूक्ष्मजीवांचा वाटा धातू कमी असलेल्या मातीच्या जवळपास निम्माच होता. एकूण कर्ब पुरेसा असूनही गुणोत्तर घसरलेले दिसले, तर सूक्ष्मजीवांना कोणता तरी त्रास होत असावा, असा संशय घ्यायला जागा असते. शहराच्या कंपोस्टवर किंवा सांडपाण्यावर चालणाऱ्या शेतीत हे लक्षण मोलाचे ठरू शकते, पण ते संशयापुरतेच. धातू कोणता आणि किती, हे वेगळ्या परीक्षणानेच कळते.

या पद्धतीला काही गोष्टी सांगताच येत नाहीत. मेलेल्यांत जिवाणू किती आणि बुरशी किती, हे ती ओळखत नाही. त्यातले किती कामात होते आणि किती झोपलेले, हेही कळत नाही. त्यासाठी मातीचा श्वसनवेग किंवा विकरांची क्रिया मोजावी लागते. म्हणूनच अहवालात फक्त ‘सूक्ष्मजीव कर्ब ३११’ लिहिलेले असेल, तर तो आकडा अपुरा आहे. नमुना ओला की वाळलेला, गुणांक ०.३८ की ०.४५, धुरीविना आकडा किती, नमुने किती आणि शेजारच्या तुलनेच्या शेताचा आकडा किती, ही पाच उत्तरे सोबत हवीत. ती नसताना मिळालेल्या आकड्यावर खताचा किंवा पीकपद्धतीचा निर्णय घेऊ नये. ती असतील, तर शेणखत टाकलेल्या जमिनीतला बदल एकूण सेंद्रिय कर्बात दिसण्याच्या काही वर्षे आधीच ओळखता येतो.